सातबारा आहे, फेरफार कुठे आहे?

सहा तारखेला दुपारी पर्यवेक्षिकाताईंनी आपली डायरी माझ्यासमोर ठेवली. पाच तारखेच्या पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सॅम एकूण ४७'. शेजारच्या संगणकावर तोच तक्ता उघडा होता आणि त्याच रकान्याची बेरीज दिसत होती ३८. एका रात्रीत नऊ मुलं कमी झाली होती. अहवाल दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता.

मी तेव्हा बालाघाटाच्या डोंगररांगेत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत अहवालांचं काम बघत होतो. ३४ गावं आणि तांडे, ११ कार्यकर्त्या. महिन्यातून एकदा पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन-उंची घ्यायचं, आपल्या वहीत उतरवायचं आणि मग सगळ्यांच्या सामायिक गुगल शीटमध्ये आपापल्या गावाच्या ओळीत तीन आकडे भरायचे: वजन-उंची झालेली मुलं, सॅम आणि मॅम. सॅम म्हणजे उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेलं, तीव्र कुपोषित मूल. मॅम म्हणजे त्याच्या अलीकडच्या पायरीवरचं, मध्यम कुपोषित. दोन ते पस्तीस क्रमांकाच्या ओळींत गावं, छत्तिसाव्या ओळीत बेरीज. याहून साधा तक्ता नसेल.

मी एकेकीला फोन लावला. अकराही जणींचं उत्तर एकच, "दादा, मी हात नाही लावला." त्या खोटं बोलत नव्हत्या. आपण काही बिघडवलं हे जिने बिघडवलं तिलाही ठाऊक नव्हतं.

गुगल शीटमध्ये 'सेव्ह' करावं लागत नाही, प्रत्येक बदल आपोआप साठतो. जुन्या अवस्थाही साठतात, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. `File > Version history > See version history` असं गेलं, किंवा `Ctrl+Alt+Shift+H` दाबलं, की उजवीकडे तारीख-वेळेची यादी येते. एखाद्या वेळेवर टिचकी मारली की तक्ता त्या क्षणी जसा होता तसा दिसतो आणि बदललेल्या चौकटी बदलणाऱ्याच्या रंगात उमटतात. मी यादी उघडली. सहा तारीख, सकाळी ११:२५, एक चौकट रंगलेली: D17. तिथे आदल्या दिवशी 9 होते. आता लिहिलेलं होतं `9 (2 एनआरसी)`.

म्हणजे नऊपैकी दोन मुलांना पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं होतं. कार्यकर्तीने महत्त्वाची, खरी माहिती नोंदवली होती. पण चौकटीत आकड्याशेजारी शब्द आला की संगणकाच्या लेखी तो आकडा उरत नाही, मजकूर होतो, आणि `SUM` मजकुराला वगळून पुढे जातं. चूक दाखवत नाही, लाल खूण करत नाही. ४७ वजा ९, राहिले ३८. डोळ्यांनी ओळखायची एक खूण आहे: काही वेगळी मांडणी केलेली नसेल तर आकडे चौकटीत उजवीकडे चिकटतात आणि मजकूर डावीकडे. D रकान्यात तेहेतीस आकडे उजवीकडे होते, एक डावीकडे. ती खूण कळल्यापासून कुठलाही तक्ता हाती आला की माझी नजर आधी डाव्या कडेवरून फिरते. नजरेवर विसंबायचं नसेल तर बेरजेशेजारी हे एक सूत्र ठेवावं:

```
=COUNTA(D2:D35)-COUNT(D2:D35)
```

पहिला भाग भरलेल्या चौकटी मोजतो, दुसरा आकडे असलेल्या चौकटी. उत्तर शून्य यायला हवं. आमच्याकडे एक आलं.

चौकट सापडली, वेळ सापडली. पण कोण? यादीत प्रत्येक बदलापुढे एकच नाव होतं, संस्थेचं. कारण अकराही जणी संस्थेच्या एकाच जीमेल खात्यातून शीट उघडत होत्या. पासवर्ड कार्यालयातल्या भिंतीवर चिकटवलेला होता. सोय म्हणून केलेलं हे एक काम आणि त्यापायी इतिहासातला 'कोण' हा रकाना कायमचा पुसला गेला होता. ज्यांनी लिंकवर `Anyone with the link` आणि `Editor` ठेवलेलं असतं त्यांचीही हीच गत होते. बाहेरून आलेला माणूस तिथे निनावी दिसतो. बदल सापडतो, माणूस सापडत नाही, आणि मग त्या दोन मुलांचं पुढे काय झालं हे विचारायचं कुणाला? शेवटी D17 हे कुणाचं गाव ते बघून फोन केला. गाव तिचं होतं म्हणून बदलही तिचाच असेल, असा अंदाज. तो बरोबर ठरला. पुढच्या वेळी तो तसा ठरायचा नव्हता.

शेऱ्यासाठी वेगळा रकाना घातला, ९ पुन्हा आकडा झाला, बेरीज ४७ झाली. सात तारखेला अहवाल गेला. मला वाटलं, संपलं.

सोळा तारखेला पर्यवेक्षिकाताई एका तांड्यावर गेल्या. तक्त्यात त्या तांड्यापुढे सॅम सहा होते, म्हणून भेटीच्या यादीत तो पहिला होता. कार्यकर्तीने वही उघडून दाखवली. तिच्या तांड्यावर सॅम मूल एकही नव्हतं. ताईंनी मला तिथूनच फोन केला. "दादा, इथे सहा कुठून आले? आणि इथे नाहीत तर ती सहा मुलं आहेत कुठे?"

पहिल्या प्रश्नापेक्षा दुसरा भारी होता. मी अंदाज करायचं सोडून दोन तक्ते शेजारी ठेवले. आवृत्त्यांच्या यादीत पाच तारखेच्या दुपारची अवस्था निवडली, तिथूनच `Make a copy` ने प्रत काढली आणि तिच्यातलं पान मूळ फाइलमध्ये आणून त्याला 'जुना' नाव दिलं. चालू पानाचं नाव 'अहवाल' होतं. मग एका कोऱ्या पानावर A1 मध्ये हे सूत्र लिहून F36 पर्यंत ओढलं:

```
=IF('जुना'!A1='अहवाल'!A1,"",'जुना'!A1&" > "&'अहवाल'!A1)
```

दोन्हीकडे सारखं असेल तिथे चौकट कोरी राहते, फरक असेल तिथे जुनं आणि नवं दोन्ही दिसतं. अशा पानावर पाहायचं असतं ते फरक किती आहेत हे नव्हे, तर त्यांचा आकार कसा आहे हे. इकडेतिकडे विखुरलेले दोन-चार फरक असले तर ती माणसांनी केलेली भरती असते. एक सलग चौकोन बदललेला असला तर कुणीतरी दुसरीकडून उचलून चिकटवलेलं असतं. माझ्यासमोर तिसराच आकार होता: B रकाना जवळजवळ पूर्ण भरलेला, बाकीचे जवळजवळ कोरे. गावांची नावं जागची हलली होती. त्यांच्यापुढचे आकडे हलले नव्हते.

असं एकाच गोष्टीने होतं. पाच तारखेला संध्याकाळी कुणीतरी आपलं गाव चटकन सापडावं म्हणून नावांचा रकाना निवडून तो अकारविल्हे लावला होता. एक्सेलमध्ये असं करायला गेलं की शेजारचे रकानेही बरोबर घ्यायचे का, असं ते विचारतं. गुगल शीट निवडलेला भाग तेवढा क्रमाने लावतं. परिणामी एका गावाचं नाव दुसऱ्या गावाच्या आकड्यांपुढे जाऊन बसलं. आणि बेरीज? आकडे तेच, फक्त त्यांच्या पाट्या बदलल्या, म्हणून बेरीज पाचला ४७, सातला ४७ आणि सोळालाही ४७. आम्ही बेरजेवर पहारा ठेवून होतो आणि बिघाड बेरजेला न शिवता आत आला होता. ती सहा मुलं दुसऱ्या टोकाच्या एका गावात होती. त्यांच्याकडे आमचं कुणी पोचायला अकरा दिवस उशीर झाला. त्या अकरा दिवसांचं मला आजही वाईट वाटतं, आणि हा लेख लिहिण्याचं खरं कारणही तेच आहे.

त्या रात्री मला आठवली ती आमच्या गावच्या तलाठ्याची नोंदवही. शेती असलेल्या प्रत्येकाला सातबारा माहीत असतो: जमीन आज कुणाच्या नावावर, किती, काय पीक. पण सातबारावर मालकाच्या नावाजवळ वर्तुळात एक क्रमांक असतो. तो फेरफाराचा क्रमांक. तो क्रमांक घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही उघडली की हे नाव इथे कसं आलं ते कळतं. खरेदीखताने आलं, वारसाने आलं की वाटणीने, कोणत्या तारखेला आलं आणि कोणत्या कागदाच्या आधारावर. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत मिळते आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याशिवाय नोंद पक्की होत नाही. जुनं नाव खोडून टाकून नवं लिहिलं, असं होत नाही. जुनं नाव कंसात जातं, पण दिसत राहतं.

आमचा तक्ता हा नुसता सातबारा होता. आज काय आहे एवढं तो सांगत होता. गुगलची आवृत्त्यांची यादी फेरफारासारखी दिसते खरी, पण नीट पाहिलं तर ती अर्धाच फेरफार आहे. कधी बदललं हे ती सांगते. खाती वेगळी असतील तर कुणी बदललं हेही सांगते. का बदललं आणि कशाच्या आधारावर, हे ती कधीच सांगणार नाही, कारण ते तिला कुणी सांगितलेलंच नसतं. D17 मध्ये बदल झाला हे यंत्राला कळलं. दोन मुलं एनआरसीत गेली म्हणून झाला, हे कार्यकर्तीला माहीत होतं. या दोन गोष्टी एका ओळीत याव्यात, एवढाच खरा प्रश्न होता.

म्हणून आम्ही आधी 'कोण' दुरुस्त केलं. भिंतीवरचा कागद काढला आणि प्रत्येकीला स्वतःच्या खात्यातून शीटची परवानगी दिली. काहींच्या फोनमध्ये मुलाचं किंवा नवऱ्याचं खातं चालू होतं, त्यांना वेगळं खातं काढून दिलं. या कामाला एक अख्खी दुपार गेली आणि सगळ्या बदलांत तीच सगळ्यात कामाची ठरली. आता कोणत्याही चौकटीवर उजवी टिचकी मारून `Show edit history` निवडलं की त्या चौकटीत आधी काय होतं, कुणी आणि कधी बदललं हे एकेक पाऊल मागे जात पाहता येतं. फक्त एवढं लक्षात ठेवावं की ओळ किंवा रकाना घातला वा काढला, चौकटीची रंगरचना बदलली, किंवा सूत्रामुळे आकडा आपोआप बदलला, तर ते या चौकटीच्या इतिहासात दिसत नाही. त्यासाठी पूर्ण आवृत्त्यांच्या यादीतच जावं लागतं.

मग नावं. A रकान्यातला नुसता अनुक्रमांक काढून प्रत्येक गावाला कायमचा क्रमांक दिला, आणि B मध्ये नाव हाताने लिहिणं बंद केलं. 'गावे' नावाच्या वेगळ्या पानावर क्रमांक आणि नाव यांची जोडी ठेवली, B त्यावरून आपोआप भरतो:

```
=VLOOKUP(A2,'गावे'!$A:$B,2,FALSE)
```

A आणि B हे दोन्ही रकाने `Data > Protect sheets and ranges` मधून कुलूपबंद केले. आता कुणी नावांचा रकाना क्रमाने लावायला गेलं तर शीट नकार देते. पण नुसतं कुलूप लावून भागत नाही, कारण त्या कार्यकर्तीची अडचण खरी होती. चौतीस नावांत, फोनच्या छोट्या पडद्यावर, आपली तीन गावं शोधायची होती तिला. कार्यालयाच्या संगणकावर भरणाऱ्यांसाठी प्रत्येकीच्या नावाचा एक फिल्टर व्ह्यू करून ठेवला. तो उघडला की तिला फक्त तिची गावं दिसतात आणि इतरांच्या पडद्यावर काही हलत नाही. फोनवरून भरणाऱ्यांना त्यांच्या गावांचे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिले. माणसाने चुकीचा रस्ता का धरला हे न बघता तो नुसता बंद केला, तर तो दुसरा चुकीचा रस्ता शोधतो. कुलूप लावलेल्या तक्त्याची प्रत काढून, तीत भरून, ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं हा तो दुसरा रस्ता. आणि प्रतीबरोबर इतिहास येत नाही. प्रत काढली किंवा एक्सेल फाइल म्हणून उतरवून घेतली की मागचा सगळा माग मूळ फाइलपाशीच राहतो.

आता राहिला 'का'. त्यासाठी त्याच फाइलमध्ये 'फेरफार' नावाचं एक पान केलं. रकाने सात: वेळ, कोण, चौकट, जुनं, नवं, कारण, आधार. पहिले पाच यंत्राने भरायचे, शेवटचे दोन माणसाने. यंत्राच्या भागासाठी `Extensions > Apps Script` मध्ये एवढंच लिहिलं:

```
function ferfar(e) {
  const p = e.range.getSheet();
  if (p.getName() !== 'अहवाल') return;
  e.source.getSheetByName('फेरफार').appendRow([
    new Date(),
    Session.getActiveUser().getEmail(),
    e.range.getA1Notation(),
    e.oldValue || '', e.value || ''
  ]);
}
```

इथे मी एकदा फसलो, ते सांगायला हवं. अशा कामासाठी `onEdit` या नावाचं फंक्शन लिहिलं की ते आपोआप चालतं, म्हणून मी आधी तेच नाव दिलं होतं. पण आपोआप चालणारं हे फंक्शन बदल करणाऱ्याच्याच अधिकारात चालतं. म्हणजे फेरफाराचं पान कुलूपबंद केलं तर कार्यकर्तीला तिथे लिहिता येत नाही, म्हणून तिच्या वतीने यंत्रालाही लिहिता येत नाही आणि नोंद होतच नाही. कुलूप काढलं तर नोंद होते, पण मग ती नोंद कुणालाही खोडता येते. ज्या वहीतलं पान फाडता येतं ती वही पुरावा म्हणून काय कामाची? यातून बाहेर पडायचा मार्ग असा: फंक्शनला वेगळं नाव द्यायचं, आणि ज्याच्या मालकीची फाइल आहे त्याने अ‍ॅप्स स्क्रिप्टमधल्या ट्रिगर्सच्या पानावर जाऊन स्वतः 'ऑन एडिट' ट्रिगर जोडायचा. मग ते मालकाच्या अधिकारात चालतं. पान कुलूपबंद ठेवता येतं आणि कुलूप लावताना `Except certain cells` वापरून 'कारण' आणि 'आधार' हे दोन रकाने तेवढे सगळ्यांसाठी उघडे ठेवता येतात.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहेत. एका वेळी एकच चौकट बदलली तर जुनं आणि नवं दोन्ही मिळतं. पाच-दहा चौकटी एकदम चिकटवल्या तर कुठे बदललं एवढंच कळतं, जुना-नवा मजकूर कोरा येतो. तेव्हा पुन्हा आवृत्त्यांची यादी उघडावी लागते. सूत्राने बदललेला आकडा इथेही नोंदला जात नाही. आणि साध्या जीमेल खात्यांच्या बाबतीत गुगल हा ईमेल स्क्रिप्टला देत नाही, 'कोण'चा रकाना कोरा राहतो. संस्थेच्या स्वतःच्या वर्कस्पेस खात्यांमध्ये तो मिळतो. आमच्याकडे आधी साधीच खाती होती, म्हणून फेरफारातली वेळ घेऊन ती आवृत्त्यांच्या यादीशी ताडून नाव शोधायचो. गुगल पात्र सेवाभावी संस्थांना वर्कस्पेस विनामूल्य देतं, त्यासाठी नंतर अर्ज केला.

महिना बंद करणं हाही फेरफाराचाच भाग. पाच तारखेपर्यंत गावाचे आकडे भरायचे. या दिवसांतले बदल ही कच्ची भरती, त्यांना कारण लागत नाही. सात तारखेला अहवाल पाठवताना `Name current version` मधून त्या अवस्थेला नाव द्यायचं, 'जुलै, पाठवला' असं. हे नाव देणं फार गरजेचं आहे, कारण बिननावाच्या आवृत्त्या गुगल जागा वाचवण्यासाठी कधीकधी एकत्र करून टाकतं, मग अधली पावलं दिसत नाहीत. नाव दिलेली आवृत्ती टिकते. पण एका शीटमध्ये अशा पंधराच नावांची मुभा आहे. बारा महिन्यांची बारा, वर्ताळा तीन. म्हणून दर एप्रिलला आम्ही नवी फाइल सुरू करतो आणि जुनी फक्त वाचण्यापुरती ठेवतो. अहवाल गेल्यानंतर त्या महिन्याच्या आकड्यात बदल करायचा असेल तर फेरफाराच्या ओळीत कारण आणि आधार लिहायचा, आणि पर्यवेक्षिकाताईंनी तो पाहून मान्य करायचा. महिन्याच्या बैठकीत ताई 'कारण' कोरं असलेल्या ओळी गाळून काढतात आणि एकेक वाचतात. सुरुवातीला त्या पंधरा मिनिटांत कार्यकर्त्यांची मान खाली असायची. तीन-चार महिन्यांनी त्या स्वतःहून सांगू लागल्या, "ताई, माझी एक ओळ राहिलीय."

आणखी एक अपघात याच वर्षातला. एका सहकाऱ्याला तक्त्यात गडबड दिसली आणि त्याने चांगल्या हेतूने `Restore this version` दाबून दोन दिवसांपूर्वीची अवस्था परत आणली. परत आणणं हे पूर्ण फाइलचं असतं, एका चौकटीचं नसतं. त्याची गडबड गेली आणि तिच्याबरोबर चौघींची दोन दिवसांची भरतीही गेली. त्यांना वाटलं, आपलीच नोंद नीट बसली नव्हती, आणि दोघींनी ती पुन्हा भरलीही. सुदैवाने परत आणण्याआधीची अवस्था यादीत तशीच असते. तिची प्रत काढून हवे ते आकडे तेवढे उचलले. तेव्हापासून आमच्याकडे ते बटण कुणी दाबत नाही. जुन्या आवृत्तीची प्रत काढायची, तिच्यातून लागेल तेवढं घ्यायचं, आणि घेतलं याची फेरफारात नोंद करायची.

इतिहास टिकतो, याची दुसरी बाजूही आहे. एकीने एकदा शेऱ्यात मुलांची नावं आणि आयांचे मोबाइल क्रमांक लिहिले. आम्ही ते लगेच पुसले. पण पुसलेलं आवृत्त्यांत राहतंच, आणि ज्याला शीट बदलण्याची परवानगी आहे त्याला ते वाचता येतं. ती माहिती खरोखर काढायची तर चालू अवस्थेची नवी फाइल करून काम तिकडे न्यावं लागतं आणि जुनी काढून टाकावी लागते, म्हणजे इतर सगळा मागही जातो. आम्ही तो महिना तसा गमावला. शीटमध्ये मुलाचं नाव कधीच येऊ द्यायचं नाही, फक्त वहीच्या पानाचा क्रमांक द्यायचा, हा नियम तेव्हाचा.

ज्यांच्याकडे गुगलऐवजी एक्सेल आहे त्यांना मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये `Review` खाली `Show Changes` आहे. कुणी, कधी, कोणती चौकट, जुनं काय, नवं काय, हे सगळं ते देतं, पण साठ दिवसांपर्यंतच. तिमाही अहवालाची शंका चौथ्या महिन्यात आली तर तिथे काही मिळणार नाही. आणि फाइल सगळ्यांच्या सामायिक जागेवर असायला हवी. पेनड्राइव्हवरून फिरणाऱ्या फाइलला हे लागू नाही.

हिशेबाच्या दुनियेत हे आता कायद्याने आलेलं आहे. हिशेबासाठी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कंपन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून बंधन आहे की प्रत्येक व्यवहारातल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद त्या सॉफ्टवेअरमध्ये राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. आमचा तक्ता या कसोटीला उतरणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. फाइलचा मालक ट्रिगर काढू शकतो, पान पुसू शकतो, फाइल उडवू शकतो. म्हणून मालकी एका माणसाच्या खात्यावर न ठेवता संस्थेच्या वेगळ्या खात्यावर ठेवली, त्याचा पासवर्ड आकडे न भरणाऱ्या दोघांकडेच दिला, आणि पाठवलेल्या प्रत्येक अहवालाची पीडीएफ त्याच दिवशी विश्वस्तांना ईमेलने जाऊ लागली. मालकाने काही बदललंच तर त्याला न बदलता येणारी एक प्रत दुसऱ्याच्या हाती असते.

या पानाचा खरा उपयोग मला दसऱ्यानंतर कळला. आमच्या भागातली कुटुंबं तेव्हा ऊसतोडीला निघतात. एका महिन्यात सॅमची बेरीज एकदम खाली आली. नुसता तक्ता पाहणाऱ्याला वाटलं असतं, मुलं सुधारली. निधी देणाऱ्यांनाही तसंच वाटलं, त्यांनी फोन करून अभिनंदन केलं. ताईंनी फेरफाराचं पान उघडलं. पाच तारखेनंतरची खूण करून काढलेली ती पहिली ओळ अशी होती: चौकट D22, जुनं 5, नवं 2. कारण: तीन मुलं आई-बापाबरोबर कारखान्यावर गेली, वजन झालेलं नाही, बरी झालेली नाहीत. आधार: वही, पान ४१. त्याखाली तसंच लिहिलेली दुसरी, तिसरी, अशा अकरा ओळी, सहा वेगवेगळ्या हातांच्या. ताईंनी त्यातून कारखान्यांच्या नावांची यादी केली आणि त्या तळांजवळ काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थांना मुलांची माहिती कळवायला त्याच संध्याकाळी फोन सुरू केले.